परदेशातलं हॉटेलचं बिल : आधी टक्के, मग रुपये



शेकडेवारी शिकवताना आपण नफा-तोटा, सूट, व्याज ही उदाहरणं घेतो. आज एक वेगळं उदाहरण घेऊया. हल्ली आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे काका, मामा, आत्या परदेशात असतात. आजी-आजोबा लेकीकडे किंवा मुलाकडे दोन-चार महिने राहून येतात. तिकडच्या हॉटेलात जेवण झालं की बिल समोर येतं आणि दोन प्रश्न एकदमच पडतात. "हे आपले किती रुपये झाले?" आणि "टिप किती ठेवायची?"

बहुतेकजण पहिला प्रश्न आधी सोडवतात. रुपयांचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो आणि मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकतं. म्हणून आजच्या पाठाचं सार आधीच सांगते : टिप बिलाच्याच चलनात काढायची. रुपये सगळ्यात शेवटी करायचे. असं का, आणि ते तोंडी कसं करायचं, हे एका बिलावरून पाहूया.

बिल वाचूया

समजा, चौघांचं कुटुंब न्यूयॉर्क शहरात एका साध्या हॉटेलात जेवलं. बिल असं आहे :

जेवण (सबटोटल) : ६४.०० डॉलर
विक्रीकर (सेल्स टॅक्स) : ५.६८ डॉलर
एकूण : ६९.६८ डॉलर

खाली टिपसाठी एक रिकामी ओळ आहे आणि त्याखाली पुन्हा 'एकूण' लिहायला जागा आहे. म्हणजे टिप आपण भरायची, नवी बेरीज लिहायची आणि सही करायची.

इथे तीन आकड्यांची तीन कामं आहेत, ती मुलांना वेगळी करून दाखवा. ६४ डॉलर ही जेवणाची किंमत. ५.६८ डॉलर सरकारचे. न्यूयॉर्क शहरात हा कर ८.८७५ टक्के आहे आणि तो मेनूकार्डावरच्या किमतीत धरलेला नसतो, बिलात वरून लागतो. टिप ही वाढणाऱ्या माणसाच्या सेवेची. सेवा जेवणाची झाली, कराची नाही. म्हणून टिप ६४ वर काढायची, ६९.६८ वर नाही. काहीजण तिथेही एकूण रकमेवर टिप देतात, तो त्यांच्या खुशीचा भाग. पण हिशोबाचा पाया म्हणजे कराच्या आधीची रक्कम.

दहा टक्क्यांची पायरी

आता तोंडी हिशोब. बसून जेवणाऱ्या हॉटेलात अमेरिकेत साधारण १५ ते २० टक्के टिप देतात. मोठ्या शहरांत १८ ते २० टक्के नेहमीची. या सगळ्या आकड्यांचा रस्ता दहा टक्क्यांवरून जातो.

दहा टक्के काढायचे म्हणजे दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवायचं. ६४.०० चे ६.४० झाले. इथून पुढे :

२० टक्के हवे असतील तर दुप्पट करा. ६.४० ची दुप्पट १२.८०.

१५ टक्के हवे असतील तर दहा टक्क्यांत त्यांचंच निम्मं मिळवा. ६.४० आणि ३.२० मिळून ९.६०.

१८ टक्के हवे असतील तर आधी २० टक्के काढा आणि त्या उत्तराचा दहावा भाग कमी करा. १२.८० मधून १.२८ गेले, राहिले ११.५२. हे कसं जमलं? वीसचा दहावा भाग दोन, आणि वीसातून दोन गेले की अठरा. मुलांना ही ओळ फळ्यावर स्वतःला शोधू द्या, फार आवडते.

बिल ६३.७० असं वाकडंतिकडं असेल तर आधी सरळ ६४ धरा. टिपमध्ये पाच-सात सेंट इकडे तिकडे झाले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

रुपये आधी केले तर काय होतं?

डॉलरचा भाव रोज बदलतो. या पाठापुरता आपण १ डॉलर म्हणजे ९० रुपये धरूया. तुम्ही त्या दिवशीचा भाव घ्या.

आता तेच बिल उलट्या क्रमाने सोडवून पाहा. ६४ डॉलरचे रुपये केले, ५,७६० आले. त्याचे २० टक्के काढले, १,१५२ रुपये. पण हॉटेलात द्यायचे डॉलर! मग १,१५२ ला ९० ने भागलं, उत्तर आलं १२.८०. फिरून त्याच जागी आलो. एक गुणाकार आणि एक भागाकार फुकट झाला.

असं होणारच, कारण टक्का म्हणजे शंभरातले किती एवढंच. शंभर डॉलरमधले वीस डॉलर आणि शंभर रुपयांतले वीस रुपये, दोन्हीकडे वाटा तोच. टक्क्याला चलन कळत नाही. म्हणून डॉलर असो, पौंड असो की दिरहम, टिपच्या हिशोबात विनिमय दर लागतच नाही.

गडबडीत आणखी एक घोटाळा होतो. जाताना ९० ने गुणलं आणि परत येताना आठवणीतल्या ८५ ने भागलं, तर १२.८० च्या जागी १३.५५ येतात. दोन वेगळे दर एकाच हिशोबात शिरले की उत्तर घसरतं.

पण खरी अडचण गणिताची नाही, मनाची आहे. "अकराशे बावन्न रुपये टिप? अहो, इथे आपण पन्नास रुपये ठेवतो!" असं म्हणून माणूस पाच डॉलर ठेवून उठतो. पाच डॉलर म्हणजे ६४ चे आठ टक्केसुद्धा नाहीत. पाच डॉलरचे साडेचारशे रुपये होतात, म्हणून त्याला ती टिप भरपूर वाटते. टेबल पुसणाऱ्या माणसाला मात्र ते आठ टक्क्यांपेक्षा कमीच दिसतात, कारण त्याचं घरभाडं आणि त्याचा भाजीपाला डॉलरमध्ये आहे.

मग योग्य म्हणजे किती?

याचं उत्तर त्या देशात वाढणाऱ्याचा पगार कसा ठरतो यात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टिप मिळते अशा कामगारांना मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून तसाच आहे. उरलेली भर टिपमधून पडेल असं गृहीत धरलेलं असतं. टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असा नियम आहे. राज्याराज्यांत आकडे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये मालकाला यापेक्षा बरेच जास्त द्यावे लागतात, तरी ते तिथल्या पूर्ण किमान वेतनापेक्षा कमीच. कॅलिफोर्नियात मात्र मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, टिप त्यावर वेगळी.

म्हणजे अमेरिकेत टिप हे नुसतं बक्षीस नाही, पगाराचा तुकडा आहे. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीत ठेवलेल्या नोटेशी तिची तुलना करून चालणार नाही. तुलना करायचीच तर टक्क्यांशी करा : ६४ डॉलरच्या जेवणावर १५ टक्के म्हणजे ९.६०, २० टक्के म्हणजे १२.८०. या दोन आकड्यांच्या मधली कुठलीही रक्कम योग्य. काउंटरवरून कॉफीचा कप उचलून निघालात आणि मशीनने टिप विचारली, तर तिथे मात्र नाही म्हटलं तरी वावगं नाही. तिथे कोणी टेबलावर वाढलेलं नसतं.

आता करूया रुपये

टिप ठरली, १२.८०. जेवण ६४.००, कर ५.६८ आणि टिप १२.८० मिळून ८२.४८ डॉलर. आता खुशाल रुपये करा, कारण आता प्रश्न आपल्या खिशाचा आहे.

९० ने गुणण्याची तोंडी युक्ती अशी : शंभरपट करा आणि दहावा भाग वजा करा. ८२.४८ ची शंभरपट ८,२४८. त्याचा दहावा भाग साधारण ८२५. वजा केले की ७,४२३. म्हणजे जेवण साधारण ७,४०० रुपयांना पडलं.

गंमत पाहा, १८ टक्क्यांसाठी केली तीच ही कृती आहे. भाव ८५ असेल तर शंभरपट करून १५ टक्के वजा करायचे, आणि १५ टक्के काढायला आपण आत्ताच शिकलो. पौंडाचा भाव ११५ असेल तर शंभरपट करून १५ टक्के मिळवायचे. एकच दहा टक्क्यांची पायरी दोन्ही कामांना पुरते.

कार्डाने पैसे देताना आणखी एक गोष्ट. मशीन कधी कधी विचारतं, रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून हात तिकडे जातो, पण त्या रुपयांचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो बहुधा महाग पडतो. स्थानिक चलन निवडा. त्यावरही आपली बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क लावू शकते, त्यामुळे स्टेटमेंटमधला आकडा आपल्या तोंडी आकड्यापेक्षा थोडा जास्त दिसला तर घाबरू नका.

'कराच्या दुप्पट' ही युक्ती कुठे चालते?

न्यूयॉर्कमध्ये राहणारे नातेवाईक एक सोपी युक्ती सांगतात : बिलातला कर पाहा आणि त्याची दुप्पट टिप द्या. आपल्या बिलात ५.६८ ची दुप्पट ११.३६. कर ८.८७५ टक्के, त्याची दुप्पट १७.७५ टक्के. म्हणजे अठराच्या जवळ. छान चालते.

पण नदीपलीकडे न्यू जर्सीत जा. आपली बरीच मराठी मंडळी तिकडेच राहतात. तिथला विक्रीकर ६.६२५ टक्के. दुप्पट केली तर १३.२५ टक्केच होतात, म्हणजे पंधरापेक्षा कमी. तिथे तिप्पट करावी लागेल, म्हणजे जवळजवळ २० टक्के. आणि ओरेगॉन राज्यात विक्रीकरच नाही, तिथे शून्याची दुप्पट काय देणार! म्हणून युक्ती सांगताना ती का चालते हेही सांगावं. दहा टक्क्यांची पायरी मात्र कुठेही चालते.

मशीनच्या पडद्यावर १८, २० आणि २२ टक्क्यांची तयार बटणं दिसतात. ती कशावर काढली आहेत, हे ओळखायचं सोपं आहे. आपल्या बिलावर २० टक्क्यांच्या बटणाखाली १२.८० दिसले तर हिशोब ६४ वर आहे. १३.९४ दिसले तर समजायचं की कर धरून ६९.६८ वर काढलाय. तेव्हा 'कस्टम' निवडून आपला आकडा घालता येतो. एकदा दशांश चिन्ह सरकवून दुप्पट केली की पडताळा झाला.

सेवा शुल्क आधीच लावलं असेल तर?

वरचा सगळा हिशोब टिपची ओळ रिकामी असतानाचा. पण टिप आधीच बिलात लागली असेल तर पुन्हा द्यायची नाही. म्हणून पाकीट काढण्याआधी बिलात दोन शब्द शोधायचे : 'सर्व्हिस चार्ज' आणि 'ग्रॅच्युइटी'. अमेरिकेतही सहा-आठ किंवा जास्त माणसांचा गट असेल तर काही हॉटेलं ग्रॅच्युइटी स्वतःच लावतात. मात्र 'सजेस्टेड ग्रॅच्युइटी' लिहिलं असेल तर ती नुसती सुचवलेली आहे, लावलेली नाही.

सिंगापूरचं उदाहरण वर्गासाठी फार छान आहे. तिथे मेनूवर किमतीपुढे ++ अशी दोन अधिक चिन्हं दिसतात. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवा शुल्क, दुसरं म्हणजे ९ टक्के जीएसटी. मुलं पटकन म्हणतात, "बाई, म्हणजे १९ टक्के!" इथे थांबवा आणि करून पाहा.

जेवण ८० सिंगापूर डॉलरचं. सेवा शुल्क १० टक्के, म्हणजे ८. झाले ८८. आता जीएसटी ८० वर नाही, ८८ वर लागतो, कारण सेवेवरही कर आहे. ८८ चे ९ टक्के ७.९२. एकूण ९५.९२. मुलांच्या १९ टक्क्यांनी ९५.२० आले असते. फरक ७२ सेंटचा, आणि तो ८ डॉलरच्या सेवा शुल्कावर लागलेल्या ९ टक्क्यांचा. बिल खरं तर १९.९ टक्क्यांनी वाढलं. म्हणून तोंडी अंदाज असा : ++ दिसलं की मेनूतल्या किमतीत तिचाच पाचवा भाग मिळवा. ८० चा पाचवा भाग १६, झाले ९६. खऱ्या बिलापासून आठ सेंटच दूर! अशा बिलावर वेगळी टिप अपेक्षित नसते.

लंडनमध्ये तिसरी तऱ्हा. तिथे मेनूवरच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. बिलाच्या शेवटी बऱ्याचदा १२.५ टक्के 'डिस्क्रिशनरी' सेवा शुल्क असतं. साडेबारा टक्के म्हणजे बरोबर आठवा भाग. ४८ पौंडाच्या जेवणावर ६ पौंड, एकूण ५४. आठवा भाग काढायला निम्मं, त्याचं निम्मं आणि पुन्हा निम्मं करा : ४८, २४, १२, ६. 'डिस्क्रिशनरी' म्हणजे ऐच्छिक. सेवा वाईट असेल तर ते काढून टाका असं सांगता येतं. पण "हे पैसे मालकच खातो" म्हणून काढायला लावणार असाल, तर एक गोष्ट माहीत असावी : १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या कायद्याने टिप आणि सेवा शुल्काची रक्कम मालकाने कामगारांनाच पूर्ण वाटायची आहे.

आपल्याकडे हॉटेलने सेवा शुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण हा भारतातला नियम. सिंगापूरच्या हॉटेलात तो दाखवून वाद घालू नये. जपानमध्ये तर टिप देण्याची पद्धतच नाही, टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरले म्हणून ते तुमच्यामागे आणून देतील. त्या त्या ठिकाणचा रिवाज आधी विचारायचा, मग टक्के काढायचे.

वर्गात कसं घ्याल?

मी हा पाठ घेते तेव्हा मुलांचे चार-चारचे गट करते आणि प्रत्येक गटाला एक खोटं बिल देते. बिलावर तीन प्रश्न क्रमाने सोडवायचे : सेवा शुल्क आधीच लागलंय का? नसेल तर कराआधीची रक्कम कोणती? तिचे दहा टक्के किती? हे तिन्ही झाल्याशिवाय फळ्यावर लिहिलेला विनिमय दर वापरायचा नाही, असा खेळाचा नियम. वही-पेन फक्त पडताळ्यासाठी. मुलं कुठे अडतात ते लगेच कळतं. बहुतेकजण 'एकूण'च्या ओळीवर टक्के काढतात, कारण ती ओळ सगळ्यात खाली आणि ठळक असते. तेव्हा "टिप कोणाला आणि कशाची?" एवढंच विचारा, बोट आपोआप वरच्या ओळीवर जातं.

सरावासाठी

१) एडिसन, न्यू जर्सी. जेवण ४८.०० डॉलर, कर ३.१८ डॉलर. १५ टक्के टिप किती? एकूण किती डॉलर? १ डॉलर = ९० रुपये धरून अंदाजे किती रुपये? कराच्या दुप्पट टिप दिली असती तर चाललं असतं का?

२) सिंगापूर. मेनूप्रमाणे जेवण ६० डॉलर ++. आधी तोंडी अंदाज सांगा, मग नेमकं बिल काढा. वेगळी टिप किती?

३) लंडन. जेवण ६४ पौंड, सेवा शुल्क ८ पौंड, एकूण ७२ पौंड. सेवा शुल्क किती टक्के आहे? आणखी टिप किती ठेवाल?

उत्तरे

१) टिप ४.८० + २.४० = ७.२०. एकूण ५८.३८ डॉलर. शंभरपट ५,८३८, त्यातून दहावा भाग ५८४ वजा, म्हणजे अंदाजे ५,२५४ रुपये. कराची दुप्पट ६.३६ येते, ती १५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून चाललं नसतं.

२) अंदाज : ६० + १२ = ७२. नेमकं : ६० + ६ = ६६, त्यावर ९ टक्के ५.९४, एकूण ७१.९४. वेगळी टिप नाही.

३) ८ हा ६४ चा आठवा भाग, म्हणजे १२.५ टक्के. सेवा शुल्क लागलेलं आहे, म्हणून आणखी टिप ठेवायची गरज नाही.

पालकांनी पहिलं उदाहरण घरी आजी-आजोबांना घालून पाहावं. ज्यांना पावकी-निमकी पाठ आहे, ते पंधरा टक्के आपल्याआधी काढतात.